वर्गातला टीव्ही लॅपटॉपला जोडताना : डुप्लिकेट की एक्स्टेंड?

सड्यावरची | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. वर्गात भिंतीवर ४३ इंची टीव्ही आहे. लॅपटॉप माझा स्वतःचा, जुना, विंडोज १० वाला. त्याचा पडदा १३६६ × ७६८ आणि टीव्हीचा १९२० × १०८०. आजवर केबल लावायची आणि जे लॅपटॉपवर तेच टीव्हीवर, म्हणजे डुप्लिकेट, असंच चालवलं.

या आठवड्यात नववीला कातळशिल्पांचा तास होता. आपल्या सड्यांवरची ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून हा तास मी मनापासून घेते. टिपणं बरीच होती. एका सहकाऱ्यांनी सुचवलं की एक्स्टेंड करा, म्हणजे दोन पडद्यांवर वेगवेगळं, टिपणं तुम्हाला दिसतील आणि मुलांना फक्त स्लाइड. केलं. स्लाइडपुरतं खरंच छान झालं. मग नकाशा दाखवायला ब्राउझर उघडला, तर तो माझ्या लॅपटॉपवर, आणि मुलांसमोर नुसता वॉलपेपर. "बाई, काहीच दिसत नाही!" खिडकी ओढत टीव्हीवर नेली. टीव्ही माझ्या पाठीमागे, उजव्या खांद्याच्या बाजूला. मान वळवून माउस चालवायला गेले, तर हात एकीकडे आणि बाण भलतीकडे. त्यात एकदा बाण टीव्हीच्या खालच्या भागात अडकला, लॅपटॉपवर परत येईचना. तासातली सात-आठ मिनिटं गेली आणि कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती नीट दाखवायचा राहिला.

शिकवताना नेमकं काय ठेवावं? आणि तो बाण अडकतो कशाने?

---

कौलारू | शनिवार, रात्री ९:३२

बाई, मी निवृत्त शिक्षक. माझं मत स्पष्ट आहे. वर्गात डुप्लिकेटच. मुलांना काय दिसतंय ते शिक्षकाला त्याच क्षणी दिसलंच पाहिजे. टिपणं कागदावर काढून टेबलावर ठेवावीत. आम्ही तेच करत आलो.

---

हापूसवाला_देवगड | शनिवार, रात्री ९:५१

एक्स्टेंडला दुप्पट ताकद लागते. जुन्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो अडखळतो. बाण अडकणं त्यातलंच असणार. रॅम वाढवून बघा.

---

खाडीपल्याड | शनिवार, रात्री १०:४०

सड्यावरची ताई, मी रत्नागिरी परिसरात शाळांचे आणि सभागृहांचे प्रोजेक्टर-टीव्ही बसवून देतो. तुमची अडचण आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. सावकाश लिहितो.

आधी हापूसवाला यांच्याबद्दल. एक्स्टेंडमध्ये ग्राफिक्सला थोडं जास्त काम पडतं हे बरोबर, कारण दोन वेगळी चित्रं तयार करावी लागतात. पण गेल्या दहाएक वर्षांतल्या कुठल्याही साध्या लॅपटॉपला एक फुल एचडी टीव्ही जड नाही. बाण अडकण्याचा रॅमशी काही संबंध नाही.

तो अडकतो तो मांडणीमुळे. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून Display settings उघडा. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. तुमच्या लॅपटॉपचा चौकोन ७६८ ठिपके उंच, टीव्हीचा १०८०. दोन्ही वरच्या कडेला जुळलेले असतील तर खाली टीव्हीचा ३१२ ठिपक्यांचा पट्टा उरतो आणि त्याच्या शेजारी काहीच नसतं. दोन घरांमधल्या भिंतीला दार फक्त वरच्या भागात आहे असं समजा. बाण त्या खालच्या पट्ट्यात गेला आणि तुम्ही सरळ आडवा ओढलात तर तो भिंतीला थटणार. आधी वर घ्यायचा, मग आडवा. किंवा चौकोन माउसने सरकवून खालच्या कडेला जुळवा आणि Apply दाबा. मग तो पट्टा वर जाईल. उंची वेगळी आहे तोवर तो कुठेतरी राहणारच.

आता हात एकीकडे आणि बाण भलतीकडे. हे मात्र चौकोन सरकवून जाणार नाही. चौकोन फक्त एवढंच ठरवतात की बाण कुठल्या कडेने पलीकडे जाईल. तुम्ही मुलांकडे तोंड करून बसला आहात आणि टीव्हीही मुलांकडे तोंड करून आहे. माउस तुम्ही उजवीकडे सरकवलात की बाण टीव्हीच्या उजवीकडे जातो, पण ती मुलांची उजवी. तुमचा हात समुद्राच्या बाजूला गेला तर बाण डोंगराच्या बाजूला जाणार. संगणकाचं काही चुकत नाही, तुमची बसण्याची दिशा उलटी आहे. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो : पाठीमागच्या पडद्यावर माउस चालवायची वेळच येऊ देऊ नका.

तुमच्या तासात दोन वेगळी कामं आहेत. स्लाइडशोमध्ये टीव्हीवर माउस न्यावाच लागत नाही, बाणाच्या कळा पुरतात. तिथे एक्स्टेंड. नकाशात मात्र ओढायचं असतं, जवळ-लांब करायचं असतं, ते डोळ्यांसमोरच व्हायला हवं. तिथे डुप्लिकेट. Windows आणि P एकत्र दाबा, चार पर्याय येतील. त्यातले Duplicate आणि Extend हे दोनच तुमच्या कामाचे. आधी Esc दाबून स्लाइडशो बंद करा, मग बदला. शो चालू असताना बदललं की तो कधी कधी भलत्याच पडद्यावर जाऊन बसतो.

---

सड्यावरची | शनिवार, रात्री १०:५८

मुलांची उजवी! वाचताना उठून भिंतीकडे पाठ करून करून पाहिलं. अगदी तसंच होत होतं. मनापासून आभार.

पण तासाच्या मध्येच बदलायचं म्हणजे टीव्ही दोन-तीन सेकंद काळा होतो ना? नववीचा वर्ग तेवढ्यात हातचा जातो.

---

कौलारू | रविवार, सकाळी ७:१५

हेच माझं म्हणणं. मध्येच बदलाबदल कशाला? एकच ठेवा.

---

केवड्याचं_बन | रविवार, सकाळी ८:०५

मी दापोलीत घरून भाषांतराचं काम करते. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझा. एक्स्टेंडशिवाय माझा दिवस जाणार नाही. मला डुप्लिकेट कधीच लागलेलं नाही, कारण माझा दुसरा पडदा बघणारी मी एकटीच.

माझी अडचण वेगळी आहे. पावसात लाईट गेली की मॉनिटर बंद पडतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. जुन्या मॉनिटरला मजकुराची खिडकी लगेच लॅपटॉपवर परत यायची. नवा घेतला तेव्हापासून खिडकी तिकडेच राहते, अंधारात. खाली टास्कबारवर दिसते, दाबलं तरी समोर येत नाही. एकदा जतन न केलेलं पानभर काम तसंच अडकलं होतं, लाईट येईपर्यंत हात चोळत बसले. कुणाला असं झालंय का?

---

खाडीपल्याड | रविवार, सकाळी ९:२०

ताई, आधी इलाज. टास्कबारवर त्या खिडकीचं चित्र एकदा दाबा, म्हणजे ती निवडली जाईल. मग Windows आणि Shift दाबून धरून डावी किंवा उजवी बाणाची कळ दाबा. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. अंधारातूनही येते. लगेच Ctrl + S.

कारण असं : एचडीएमआय केबलमधून लॅपटॉपच थोडी वीज पलीकडे पाठवत असतो, मॉनिटरने आपली ओळख सांगावी म्हणून. काही मॉनिटर स्वतःची वीज गेल्यावरही त्या जोरावर "मी आहे" असं सांगत राहतात. लॅपटॉपच्या लेखी दुसरा पडदा शाबूत, मग तो खिडकी परत कशाला आणेल? काही मॉनिटर मात्र वीज गेली की गप्प होतात, तुमचा जुना तसा होता. कुठला मॉनिटर कसा वागेल हे विकत घेण्याआधी कळायची सोय मला तरी सापडलेली नाही. तशी वेळ आली की Windows + P करून PC screen only निवडा किंवा सरळ केबल काढा.

तुमच्याकडे विंडोज ११ असेल तर Display settings मध्ये Multiple displays खाली Remember window locations based on monitor connection यावर टिक ठेवा. केबल परत लावली की खिडक्या आपापल्या जागी जातात.

---

वशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ९:४४

केबल काढण्यापेक्षा मॉनिटरचं प्लग छोट्या यूपीएसवर टाका ना. चिपळूणला आम्ही सगळे तेच करतो. २२-२४ इंची मॉनिटर फार वीज खात नाही, काम जतन करून बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो.

लिनक्सवाल्यांसाठी एक भर. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पर्यायांची ती खिडकी येत नाही, मी दोन ओळी ठेवल्यात. पहिली एक्स्टेंड, दुसरी डुप्लिकेट :

```
xrandr --output eDP-1 --auto --output HDMI-1 --auto --right-of eDP-1
xrandr --output eDP-1 --mode 1024x768 --output HDMI-1 --mode 1024x768 --same-as eDP-1
```

नुसतं `xrandr` लिहिलं की आपल्या पडद्यांची खरी नावं दिसतात, ती घालायची. दुसऱ्या ओळीत असा आकार घ्यायचा जो दोन्ही पडद्यांना झेपतो, नाहीतर एकावर कडा कापल्या जातात.

---

मालवणी_बाणा | रविवार, सकाळी १०:३०

माका ह्यातला फारसा कळना नाय. माझो टीव्ही मोबाईलक जोडूचो असा, क्रिकेट बघूक. ती केबल खंय मिळतली?

---

खाडीपल्याड | रविवार, सकाळी १०:४१

भाऊ, केबल घ्यायच्या आधी मोबाईल बघा. चार्जिंगच्या भोकातून चित्र बाहेर पाठवायची सोय सगळ्या मोबाईलमध्ये नसते, मग कितीही महाग केबल घ्या, टीव्ही काळाच राहणार. दुकानात मोबाईल नेऊन तिथेच लावून बघा आणि मगच पैसे द्या. लॅपटॉपच्या छोट्या लंबगोल यूएसबी-सी भोकाचंही तेच, आकार सारखा असला तरी प्रत्येकातून चित्र जात नाही.

---

हापूसवाला_देवगड | रविवार, दुपारी १२:१०

रॅमचं माझं चुकलं, मान्य.

माझा अनुभव सांगतो. सीझनमध्ये आमच्या काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला एक मॉनिटर असतो. आधी डुप्लिकेट होता. बिल दिसायचं, पण कुणाला किती उधारी, कुणाला कुठला भाव लावला, सगळंच दिसायचं. एका गिऱ्हाइकाने वरच्या ओळीतला दुसऱ्याचा भाव वाचला आणि भर दुकानात वाद झाला. तेव्हापासून एक्स्टेंड. तिकडे फक्त आजच्या भावाची पाटी, पेटीचा आणि डझनाचा.

पण आता माझा बाण सारखा तिकडे पळतो आणि शोधत बसावं लागतं. गर्दीच्या वेळी फार वैताग होतो.

---

खाडीपल्याड | रविवार, दुपारी १:०५

तुमच्यासाठी युक्ती आहे. त्याच Display settings मध्ये २ नंबरचा चौकोन १ च्या शेजारी न ठेवता तिरपा न्या, असा की दोघांचा फक्त एक कोपरा टेकेल. समजा लॅपटॉपचा वरचा उजवा कोपरा आणि मॉनिटरचा खालचा डावा. आता दार उरलं फक्त कोपऱ्याएवढं. बाण नेम धरून नेल्याशिवाय पलीकडे जात नाही. भावाची पाटी बदलायची तेव्हा Windows + Shift + बाण करून ती खिडकी इकडे आणा, बदला, परत पाठवा.

---

हापूसवाला_देवगड | रविवार, दुपारी १:३०

केलं. बाण घरातच राहतोय. मेमध्ये देवगडला या, पेटी तुमची.

---

सड्यावरची | रविवार, दुपारी ४:२०

मंडळी, आज शाळा उघडून एकटीने बसून पाहिलं. एक गोष्ट समजली नाही. नकाशावरची गावांची नावं डुप्लिकेटमध्ये मागच्या बाकावरून वाचता येतात, जराशी फिकट, पण येतात. तीच खिडकी एक्स्टेंड करून टीव्हीवर नेली तर अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ, पण इतकी बारीक की तिसऱ्या बाकापलीकडे काही दिसत नाही. स्वच्छ चित्र जास्त चांगलं असायला हवं ना?

---

केवड्याचं_बन | रविवार, संध्याकाळी ५:००

डुप्लिकेट नेहमीच धुरकट दिसतं, म्हणून मी ते टाळते.

---

खाडीपल्याड | रविवार, संध्याकाळी ६:१५

नेहमीच नाही. दोन्ही पडद्यांचे ठिपके सारखे असतील तर डुप्लिकेटही स्वच्छ दिसतं. सड्यावरची ताईंचे वेगळे आहेत. डुप्लिकेटमध्ये चित्र एकच तयार होतं आणि त्यांच्याकडे ते लॅपटॉपच्या मापाचं, १३६६ ठिपके रुंद. टीव्ही तेच ताणून आपल्या १९२० मध्ये बसवतो, म्हणून कडा मऊ होतात.

पण त्या ताणण्यातच अक्षर मोठं होतं. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. तेवढ्यात १३६६ ठिपके बसवले तर एक ठिपका ०.७ मिलिमीटरचा, १९२० बसवले तर ०.५ चा. वीस ठिपके उंचीचं अक्षर डुप्लिकेटमध्ये १४ मिलिमीटर आणि एक्स्टेंडमध्ये १० मिलिमीटर. मागच्या बाकावरच्या मुलाला अक्षराच्या कडांपेक्षा त्याची उंची जास्त उपयोगी पडते.

एक्स्टेंडमध्येही मोठं करता येतं. चौकोन २ निवडा, खाली Scale मध्ये टीव्हीपुरतं १५० टक्के करा. मग वीस ठिपक्यांचं अक्षर तीसचं होतं, म्हणजे १५ मिलिमीटर, आणि स्वच्छही. स्लाइडशोला हे करायची गरज नाही, स्लाइड दोन्हीकडे पडदाभरच असते. फरक पडतो तो ब्राउझर, वर्ड, एक्सेल दाखवताना.

टीव्हीवर कडा कापल्या जाऊन टास्कबार अर्धवट दिसत असेल तर दोष लॅपटॉपचा नाही. रिमोटवर चित्राच्या आकाराचा पर्याय असतो. कंपनीप्रमाणे नाव वेगळं, Just Scan किंवा Screen Fit असं काहीतरी. तो निवडा.

---

कौलारू | रविवार, रात्री ८:४०

१४ आणि १० मिलिमीटरचा हिशोब मला आवडला. फळ्यावर आम्ही अक्षर मोठं काढायचो ते याच विचाराने. तरी एक शंका आहे. डुप्लिकेट असताना बाईंच्या फोनवरचे निरोप, घरचे, शाळेच्या ग्रुपवरचे, भिंतीवर येतील त्याचं काय? आमच्या एका पालकसभेत एका शिक्षिकेचा घरगुती निरोप सगळ्यांनी वाचला. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या होत्या.

---

वशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ८:५८

डुप्लिकेट केलं की विंडोज निरोप आपोआप दाबून टाकतं.

---

खाडीपल्याड | रविवार, रात्री ९:३०

तशी सोय आहे, पण ती चालू आहे की नाही ते बघावं लागतं. विंडोज १० मध्ये Focus assist खाली When I'm duplicating my display असं बटण असतं. ते चालू असेल तर कोपऱ्यातल्या पाट्या येत नाहीत. पण व्हॉट्सअॅप ब्राउझरमध्ये उघडं असेल तर ती खिडकी आणि तिच्यातली नावं दिसणारच, ते बटण तिथे काही करत नाही. वर्गात जायच्या आधी ते बंद करणं हाच उपाय.

आणि ताई, एक इशारा. पॉवरपॉइंटमध्ये Alt + F5 दाबलं की एकाच पडद्यावरही टिपणांसकट शिक्षकाचं दृश्य उघडतं. घरी सरावाला ते छान आहे. डुप्लिकेट असताना वर्गात दाबू नका, तुमची सगळी टिपणं मुलांसमोर जातील.

---

सड्यावरची | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

आज नववी ब ला तोच तास घेतला. सुरुवातीची वीस मिनिटं एक्स्टेंड. स्लाइडशो सुरू झाल्यावर आधी टिपणंच टीव्हीवर गेली! वरच्या पट्टीत Display Settings होतं, त्यात Swap Presenter View and Slide Show केलं आणि जागच्या जागी आलं. कशेळीच्या हत्तीचा वरून काढलेला फोटो होता. शिक्षकाच्या दृश्यात भिंगाचं चित्र असतं, ते दाबून मी माझ्या समोरच्या लॅपटॉपवर सोंडेवर चौकोन ठेवला आणि टीव्हीवर फक्त सोंड मोठी झाली. मागे वळावंच लागलं नाही. मुलांनी सोंडेच्या आजूबाजूला कोरलेले मासे स्वतःच शोधले.

मग स्लाइडशो बंद केला आणि मुलांना म्हटलं, वहीत जांभा म्हटल्यावर आठवणाऱ्या तीन गोष्टी लिहा. ती लिहीत असताना Windows + P, Duplicate. टीव्ही काळा झाला आणि परत आला, एकानेही वर पाहिलं नाही. नकाशावर बारसूपासून देवीहसोळपर्यंत समोर बघून फिरले, नावं मागच्या बाकापर्यंत वाचता आली.

एकच राहिलं. तासाच्या शेवटी परत स्लाइडवर यायचं होतं, पण पुन्हा एक्स्टेंड करायला वेळ नव्हता, तशीच डुप्लिकेटमध्ये दाखवली, टिपणांशिवाय. कौलारू सर, त्या शेवटच्या स्लाइडची टिपणं कागदावर होती, तुमचं ऐकून.

---

कौलारू | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

वा! तो कागद जपून ठेवा बाई. आणि मुलांनी जांभ्याबद्दल काय काय लिहिलं तेही इथे टाका, वाचायला आवडेल.

---

मालवणी_बाणा | मंगळवार, रात्री ८:२०

दुकानात मोबाईल नेऊन बघलंय. चित्र येना नाय. पैसे वाचले, खाडीपल्याड भाऊ.